गावाबद्दलचा व्हिडिओ आणि गावाचा व्हिडिओ

प्रश्न: मी बेळगावात विकाससंवादाचा अभ्यासक्रम करते. प्रकल्पासाठी आम्ही चार जणांनी खानापूर तालुक्यातल्या एका गावात पाणी वाचवण्यावर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, देवळासमोर पडदा लावून दाखवला, पुष्कळ लोक आले, त्यांना आवडलाही. तरी आमचे सर म्हणतात की हा सहभागी संवाद नाही. मग सहभागी म्हणजे नेमके काय करायचे? त्यासाठी सामुदायिक रेडिओच लागतो का?

उत्तर: तुमच्या सरांचे म्हणणे मला पटते. मात्र त्यामागचे कारण तुमच्या कॅमेऱ्यात किंवा मेहनतीत नाही. 'पाणी वाचवा' हा विषय कोणी ठरवला, या एका गोष्टीत ते आहे. गावकरी तुमच्या व्हिडिओत दिसतात आणि बोलतातही, पण कशावर बोलायचे, त्यातले काय ठेवायचे, काय कापायचे आणि ते कोणाला दाखवायचे, हे चारही निर्णय तुमच्याकडेच राहिले. मी या सीमाभागात बरीच वर्षे अशाच कामात आहे आणि सुरुवातीला मीही हेच करत होतो, म्हणून व्याख्या सांगण्याऐवजी एका गावात काय घडले ते क्रमाने सांगतो. गावाचे नाव देत नाही, कारण ज्यांनी तेव्हा तोंड उघडले ती माणसे आजही तिथेच राहतात.

खानापूरच्या पश्चिमेकडचे हे गाव. मुख्य वस्ती खाली आणि चढावर दोन वाडे. बहुतेक घरांत मराठी बोलली जाते, एका वाड्यात कन्नड, आणि ग्रामपंचायतीचे कागद सगळे कन्नडमध्ये. पंचायतीने आमच्याकडे मागणी केली ती अगदी तुमच्यासारखीच होती: लोक नळ उघडे टाकतात, पाणीपट्टी भरत नाहीत, त्यांच्यात जागृती करणारा छोटा व्हिडिओ करून द्या. आम्ही संहिता लिहायलाही घेतली होती. त्याआधी केवळ प्रसंग गोळा करावेत म्हणून एक साधा ध्वनिमुद्रक घेऊन वरच्या वाड्यातल्या बायकांमध्ये बसलो आणि "पाण्याचं काय?" एवढेच विचारले. एक मावशी म्हणाल्या, "पाणी येऊलालंय की, पन कवा येतंय त्ये इचारा."

त्या एका वाक्याने आमची संहिता निकालात निघाली. पाणी सकाळी दहा-साडेदहाला सुटत होते आणि त्या वेळी वरच्या वाड्यातल्या जवळजवळ सगळ्या बायका मजुरीला किंवा रानात गेलेल्या असत. म्हणून त्या निघताना नळाखाली घागर लावून नळ उघडाच ठेवत. पाणी आले की घागर भरायची आणि उरलेले वाहून जायचे. पंचायतीला दिसत होते ते वाहणारे पाणी. ते का वाहते, हे कोणी विचारलेच नव्हते. खालच्या वस्तीत बऱ्याच नळांना तोट्याच नव्हत्या, आणि सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडत असल्यामुळे चढावर दाब पोहोचत नव्हता. अशा गावाला पाणी वाचवण्याचा उपदेश करणारा व्हिडिओ दाखवला असता तर लोकांनी तो शांतपणे पाहिला असता, कदाचित टाळ्याही वाजवल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी घागर तशीच नळाखाली लावली असती.

सहभागी माध्यम आणि प्रचारमाध्यम यांतला फरक मला इथे दिसतो. प्रचारात प्रश्न काय आहे हे आधीच ठरलेले असते आणि माध्यमाने उत्तर पोहोचवायचे असते. सहभागी पद्धतीत प्रश्न काय आहे हे शोधण्यासाठीच माध्यम वापरायचे असते. म्हणून कोणत्याही प्रकल्पाबद्दल मी पहिल्यांदा विचारतो की काम सुरू करताना जो विषय होता तो शेवटी तसाच राहिला का. अजिबात बदलला नसेल तर बहुधा लोकांना कोणी खरे विचारलेले नसते. नेहमीच असे असते असे नाही. साथीचा रोग पसरला आहे आणि पाणी उकळून प्यायला सांगायचे आहे, अशा वेळी सरळ संदेश देणेच योग्य, तिथे महिनाभर बैठका घेत बसणे चुकीचे ठरेल. पण रोजच्या पाण्याचा प्रश्न तसा नव्हता.

मग आम्ही पद्धत बदलली. तुमच्या अभ्यासक्रमात फोगो बेटाचे उदाहरण असेल. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळच्या या बेटावर १९६७ साली राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या कॉलिन लो यांनी मच्छीमारांचे छोटे छोटे चित्रपट केले. सरकारला तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवायचे होते. ते चित्रपट आधी ज्यांचे होते त्यांना दाखवले गेले, मग बेटावरच्या इतर वस्त्यांना, मग सरकारमधल्या लोकांना, आणि सरकारचे उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणले गेले. पुढे लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली आणि ते बेटावरच राहिले. परीक्षेत विद्यार्थी या उदाहरणातले चित्रपट लक्षात ठेवतात. माझ्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखा आहे तो दाखवण्याचा क्रम आणि परतीची फेरी.

आम्ही तोच क्रम धरला, फक्त व्हिडिओऐवजी आवाज वापरला. पहिल्या आठवड्यात ध्वनिमुद्रक वरच्या वाड्यातल्या स्त्रीशक्ती संघातल्या दोघींच्या हाती दिला. वापरायचा कसा हे शिकवायला अर्धा तास लागला: लाल बटण, तोंडापासून वीतभर अंतर, वारा असेल तर पदराची घडी धरायची. त्यांनी आपल्या शेजारणींना बोलते केले आणि जे आम्हाला कधीच सांगितले गेले नसते ते त्यांना सांगितले गेले.

पुढची पायरी म्हणजे ऐकवणे. जी बोलली तिला तिचे बोलणे आधी ऐकवायचे आणि विचारायचे, हे ठेवू का? इथे एक गोष्ट मला फार ठळकपणे आठवते. एका सुनेने मुद्रणाच्या वेळी पंचायतीच्या एका सदस्याबद्दल स्पष्ट तक्रार केली होती आणि "ऱ्हाऊ दे, खरं हाय त्ये" असेही म्हणाली होती. तीन दिवसांनी ऐकवले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की एवढे काढून टाका, घरातला माणूस त्यांच्याच कामावर जातो. आम्ही तिच्यासमोरच ते पुसले. त्या दिवसापासून माझा नियम असा की संमती तीनदा घ्यायची: मुद्रणाच्या वेळी, ऐकवल्यानंतर, आणि प्रत्येक नव्या श्रोत्यांपुढे नेण्याआधी. आपल्या गल्लीत ऐकवायला हो म्हणणारी बाई पंचायतीत ऐकवायलाही हो म्हणतेच असे नाही, आणि सहीचा एक कागद या तिन्ही वेळांना पुरत नाही.

कापाकापी ही तिसरी पायरी, आणि इथेच सहभाग सर्वात आधी निसटतो, कारण संगणक आपल्याकडे असतो. आम्ही पहिली जोडणी स्वतः केली होती, नऊ मिनिटांची. ती ऐकताना आमच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या गटातली एक मुलगी म्हणाली, यात गुरुजीच जास्त बोलतात. मोजले तर नऊपैकी चार मिनिटे गावातल्या निवृत्त शिक्षकांची होती. ते सज्जन होते, मुद्देसूद बोलत होते, आणि नेमक्या त्याच कारणाने आमचा हात त्यांच्या तुकड्यांकडे वळला होता. ज्याचे बोलणे आपल्या कानाला सुबक वाटते त्याला आपण न कळत जास्त जागा देतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक तुकड्यासाठी एक चित्राचे कार्ड केले, घागर, व्हॉल्व्ह, तोटी, टाकी अशी, कारण गटातल्या चौघींना वाचता येत नव्हते. त्यांनी कार्डे जमिनीवर मांडली, हलवली, दोन बाजूला टाकली, आणि आम्ही फक्त त्या क्रमाने आवाज जोडला. सहा मिनिटे झाली. ध्वनी आमच्या पहिल्या जोडणीपेक्षा खडबडीत होता, पण ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला की हे आमचंच बोलणं आहे.

गटाने त्यात एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती, वॉटरमनची. बायकांचा सगळा राग त्याच्यावर होता, पण त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही हे त्यांनीच ठरवले. तो बोलला तेव्हा दुसरेच कारण पुढे आले. पंप थ्री फेज विजेवर चालतो. ती वीज काही दिवस सकाळी मिळते, काही दिवस रात्री. वीज आली की तो पंप सुरू करतो आणि टाकीत साठा होऊ न देता तेच पाणी सोडून देतो, कारण पहाटे येऊन व्हॉल्व्ह फिरवण्याचे वेगळे पैसे नाहीत आणि त्याचा पगारही काही महिने थकलेला. म्हणजे दहा वाजता पाणी सुटणे हा आळस नव्हता. विजेची वेळ, रिकामी राहणारी टाकी आणि न मिळालेला पगार या तीन गोष्टींचा तो एकत्र परिणाम होता. हे सगळे गावात कोणा ना कोणाला ठाऊक होते, फक्त एका जागी कोणी ऐकले नव्हते.

आता भाषेचा भाग, जो आपल्या भागात काम करणाऱ्याने वरवर घेऊन चालत नाही. पंचायत विकास अधिकारी धारवाडकडचे होते आणि त्यांना मराठी जेमतेम समजत होती. सोय म्हणून आम्ही एका कॉलेजच्या मुलाकडून सगळ्याचे कन्नड भाषांतर त्याच्याच आवाजात करून घेतले. बायकांनी म्हटले होते, "आमास्नी पाळी लावून द्या," म्हणजे वस्तीनिहाय वेळ ठरवून द्या. भाषांतरात ते "आम्हाला जास्त पाणी द्या" असे झाले, आणि अधिकाऱ्यांनी पुढचा अर्धा तास नव्या बोअरवेलच्या मंजुरीवर उत्तर दिले. कोणीच खोटे बोलले नव्हते, तरी विचारले एक आणि उत्तर मिळाले दुसऱ्याचे. शिवाय आवाज बदलल्यामुळे बायकांना आपलेच म्हणणे ओळखू येईना, त्यामुळे चूक दुरुस्त करायलाही कोणी उठले नाही.

तेव्हापासून मी आवाजावर दुसरा आवाज चढवत नाही. मूळ आवाज पूर्ण वाजू द्यायचा, प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचे, आणि गटातल्याच दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने तिथल्या तिथे त्याचा आशय सांगायचा. कन्नड वाड्यातली एक बाई हे काम फार नेमकेपणाने करत असे, आणि तिचे चुकले तर मराठी बोलणाऱ्या बायका लगेच तिला थांबवत. यात वेळ दुप्पट लागतो. पण एक लाभ असा झाला की दोन वाड्यांमध्ये जो भाषेचा भेद एरवी निवडणुकीच्या वेळी पुढे येतो, तो पाण्याच्या बैठकीत कामाला आला. आपले म्हणणे पोहोचायला त्यांना एकमेकींची गरज होती. कोणत्या भाषेत फलक लावायचा या वादात तुमचे काम ओढले जाण्याची शक्यता असेल, तर सुरुवातीपासून दोन्ही वाड्यांतले आवाज एकाच जोडणीत ठेवा. वेगवेगळ्या दोन आवृत्त्या करू नका.

दाखवण्याचा क्रम असा राहिला: बोलणाऱ्या बायका, मग त्यांचा वाडा, मग दुसरा वाडा, मग खालची वस्ती आणि सर्वांत शेवटी पंचायत. प्रत्येक टप्प्यावर जे नवे बोलले गेले ते जोडणीत आले. कर्नाटकात ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभा घ्यायची असते, आणि आम्ही ध्वनिफीत तिथे ऐकवली, कारण ग्रामसभेत लाभार्थ्यांच्या याद्यांच्या गोंधळात सहा मिनिटांची शांतता मिळणे कठीण. अधिकारी आणि अध्यक्ष यांचे उत्तर तिथेच मुद्रित केले, तारखेसह: पगार कधी देणार, तोट्या कधी बसवणार, पहाटेची वेळ कधीपासून. ते उत्तर आम्ही दोन्ही वाड्यांत परत ऐकवले आणि महिन्याने गटाने ते पुन्हा वाजवले. अधिकाऱ्याचे उत्तर वाड्यात परत गेले नाही तर लोकांच्या दृष्टीने ती आणखी एक तक्रार ठरते, आणि पुढच्या वेळी ते बोलत नाहीत.

झाले काय, तेही मोजूनमापून सांगतो. रात्री वीज असेल त्या दिवसांत टाकी भरून ठेवायची, पहाटे साडेपाचला आधी चढावरचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि ते बंद झाल्यावर खालचे, अशी पाळी लागली. वॉटरमनला थकलेला पगार आणि पहाटेचा भत्ता मिळाला. तोट्या अर्ध्याच बसल्या. वाहून जाणारे पाणी कमी झाले, हे बायकांनीच सांगितले. पण एप्रिलमध्ये बोअरवेलचे पाणी खाली गेले तेव्हा पाळी असूनही घागरी रिकाम्या राहिल्या. जमिनीत पाणी नसेल तर कोणतेही माध्यम ते आणू शकत नाही. वाटणी, वेळ, जबाबदारी आणि माहिती यांत जिथे अडते तिथेच या पद्धतीचा उपयोग होतो. म्हणून काम घेण्याआधी मी स्वतःला विचारतो की इथे अडते ते साधन नसल्यामुळे की एकमेकांचे ऐकले न गेल्यामुळे. बहुतेक ठिकाणी दोन्ही थोडे थोडे असते आणि त्याचे प्रमाण गावागावात वेगळे असते.

आता रेडिओबद्दल. सामुदायिक रेडिओ लागतोच असे नाही, आणि चार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला तो झेपणारही नाही. आपल्या देशात २००२ साली हे परवाने आधी शिक्षणसंस्थांना खुले झाले आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळू लागले. प्रक्षेपणाची शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत मर्यादित आहे. सपाट मुलखात हा आवाज काही किलोमीटर सहज जातो, पण एफएम लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे खानापूरच्या डोंगरझाडीत एका टेकडीमागचा वाडा कोरडाच राहू शकतो. स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची मुभाही या केंद्रांना नाही. तेलंगणातल्या माचनूरला दलित स्त्रियांनी चालवलेला संघम रेडिओ २००८ पासून सुरू आहे, पण त्याच्या पाठीशी कित्येक वर्षांचे महिला संघांचे काम आहे. प्रक्षेपक त्या कामानंतर आला.

त्याऐवजी आपल्याच राज्यात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेचे 'नम्म ध्वनी' पाहा. गावांना प्रक्षेपणाचा परवाना मिळत नव्हता त्या काळात तिथे कार्यक्रम गावातच तयार करून आधी ध्वनिवर्धकावर आणि पुढे केबलच्या तारेवरून घरोघरी ऐकवले गेले. तुमच्यासाठी हाच मार्ग खुला आहे: एक ध्वनिवर्धक, एक मेमरी कार्ड आणि ऐकणाऱ्यांचा गट. व्हॉट्सॲपवर पाठवणे सर्वांत सोपे वाटते, पण आधी बघा की फोन कोणाच्या हातात असतो. आमच्या गावात तो दिवसभर नवऱ्याबरोबर बाहेर असे आणि बाईचा आवाज तिच्याआधी पारावर बसलेले सगळे ऐकून मोकळे होत. देवळाच्या कर्ण्यावरून ऐकवायचे असेल तर देवळात न येणारे कोण, हे आधी विचारा.

ऐकण्याचा गट हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकरी श्रवण मंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातल्या ५ जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे त्यात होती आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. लोक एकत्र बसून ऐकत, लगेच चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जाऊन पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेत या गावांतल्या लोकांच्या माहितीत बरीच जास्त भर पडल्याचे दिसले. विषय मात्र केंद्राकडूनच येत होते, म्हणून आजच्या अर्थाने तो पूर्ण सहभाग नव्हता. तुमच्या अहवालात हा फरक मांडलात तर सरांना नेमके काय म्हणायचे आहे ते तुम्हालाही स्पष्ट होईल.

आता तुमचा व्हिडिओ. तो टाकून देऊ नका, तोच घेऊन परत जा. पण पडदा आणि देऊळ नको. पाणी भरणाऱ्या सहा-सात बायकांना एका अंगणात बसवा, पंचायतीचे कोणी तिथे असू नये. व्हिडिओ दर मिनिटाला थांबवा आणि एवढेच विचारा की यात काय चुकले आहे आणि काय राहिले आहे. पहिली दहा मिनिटे "चांगलंय" एवढेच उत्तर येईल, कारण तुम्ही शहरातून आलेली मुले आहात आणि तुमचे मन दुखवायचे नसते. घाई करू नका, पुन्हा थांबवा. कोणीतरी एक चूक दाखवली की बाकीच्या बोलू लागतात. ते बोलणे त्यांच्याच हातातल्या फोनवर मुद्रित होऊ द्या आणि तिथेच त्यांना ऐकवा.

त्यातून दुसरी जोडणी करा, कार्डांनी, त्यांच्या क्रमाने. ती झाल्यावर घड्याळ लावून कोण किती वेळ बोलते ते मोजा: तुम्ही किती, पुरुष किती, वरच्या वस्तीतले किती. पहिल्या आणि दुसऱ्या व्हिडिओचे हे आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि खाली लिहा की कोणता तुकडा कोणाच्या सांगण्यावरून काढला, संमती किती वेळा घेतली आणि पंचायतीचे उत्तर कोणत्या तारखेला वस्तीत परत ऐकवले. तुमच्या परीक्षेच्या तारखेपर्यंत ते उत्तर आले नसेल तर तसेच लिहा, आणि मुद्रणाची एक प्रत मेमरी कार्डावर घालून संघातल्या बायकांकडे ठेवून या, म्हणजे उत्तर येईल तेव्हा तुम्ही गावात नसलात तरी ते त्यांना एकमेकींना ऐकवता येईल.